भूस्तर तपासणीचा अहवाल मराठीत आणायचाय: बोअर लॉग, धारणक्षमता आणि एक गोंधळात टाकणारं वाक्य

शब्दवेल

नमस्कार मंडळी. मी इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते, त्यात बँकेची आणि कोर्टाची कागदपत्रं जास्त. सध्या हातात आलाय तो एका भूखंडाच्या भूस्तर तपासणीचा अहवाल. मखमलाबाद रोडवरच्या एका जुन्या सोसायटीचा पुनर्विकास होतोय. सभेत विकासकाने अहवालाच्या इंग्रजी प्रती वाटल्या, तर दोन-तीन ज्येष्ठ सभासदांनी सरळ सांगितलं, आम्हाला वाचता येईल अशा भाषेत द्या, मग सह्यांचं बोलू. तिथून हे काम माझ्याकडे आलं.

प्लॉटवर तीन बोअर घेतलेत. दुसऱ्या बोअरचा लॉग साधारण असा आहे: वरचे ०.४ मीटर भराव. तिथून २.६ मीटरपर्यंत काळी माती, गट सीएच. मग ३.४ पर्यंत पिवळसर तपकिरी कठीण मुरूम, चुनखडीचे खडे असलेला. त्याखाली ४.७ पर्यंत पार कुजलेला बेसाल्ट, आणि मग जरा बरा बेसाल्ट, ७.५ मीटरवर बोअर थांबवलाय.

अडलेल्या जागा:
१) काळ्या मातीसमोर 'हायली प्लास्टिक' आहे. 'अतिशय लवचिक' चालेल का?
२) एका रकान्यात १४/२२/३१ असे आकडे आहेत आणि त्याखालच्या ओळीत 'रिफ्यूजल, ५०/७ सेंमी'. 'नकार' लिहिलं तर हसतील.
३) शेवटच्या तक्त्यात ३२, २२ आणि परत २२ टन प्रति चौरस मीटर अशा तीन ओळी आहेत. तिन्हींची इंग्रजी नावं एकमेकांसारखीच दिसतात. कोशात तिघींसाठी एकच मराठी शब्द सापडतो. एकाच गोष्टीचे तीन आकडे कसे?

जाणकारांनी जरा हात द्यावा.

निफाडचा_अण्णा

ताई, बोअरचं म्हणाल तर साडेसात मीटरवर थांबवला म्हणजे त्या माणसाने पैसे खाल्ले. आमच्याकडे २२० फुटांवर पाणी लागलं, तेही जेमतेम दोन इंच. आणि मातीचा रिपोर्ट आहे ना, मग त्यात सामू आणि पालाश-स्फुरद का नाही? आमच्या द्राक्षबागेच्या माती परीक्षणात सगळं मराठीतच येतं. तोच नमुना घ्या की.

शब्दवेल

अण्णा, हा पाण्याचा बोअर नव्हे. इमारतीचा पाया कुठे बसवायचा हे ठरवायला जमिनीत भोक पाडून खालचे थर बघतात, त्याची नोंद आहे ही. माती परीक्षणाचा कागद वेगळा.

निफाडचा_अण्णा

अस्सं. मग राहू द्या पाणी. पण पायाचं निघालंच आहे तर माझंही एक दुखणं आहे, नंतर लिहितो. आत्ता मोटर चालू करायची वेळ झाली, लाइट आली.

साइटवाला_नाशिक

ताई, मी साइट इंजिनीअर आहे, पाथर्डी फाट्याकडे कामं चालू आहेत. सगळ्यात आधी, मुरमाला मुरूमच लिहा. आमचे मुकादम, जेसीबीवाले, सगळे मऊ मुरूम, कठीण मुरूम असंच बोलतात. तिथे संस्कृत घुसवू नका.

आकड्यांचं सोपं आहे. ते ठोके आहेत. तिन्हींची बेरीज करायची, ६७. पन्नासच्या वर गेलं म्हणजे खडक समजायचा. आणि नाशिकमध्ये कठीण मुरूम लागला की विषय संपला, डोळे झाकून ३० टन धरतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ३२ आहेच, बरोबर जुळतंय. २२ बहुधा जुन्या फॉरमॅटमधून कॉपी-पेस्ट राहिलं असेल. ते लोक असंच करतात.

जुना_खोदकामी

साइटवाला, मुरमाचं बोललास ते लाखमोलाचं. पुढचं मात्र जरा थांबून बघू या.

मी निवृत्त आहे. आयुष्य मातीच्या प्रयोगशाळेत आणि ड्रिलिंगच्या मशीनपाशी गेलं, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी ठोके. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडतात आणि फुटकी नळी ४५ सेंटीमीटर आत ठोकतात. दर १५ सेंटीमीटरला ठोके मोजतात, म्हणून तीन आकडे. त्यातला पहिला बेरजेत धरायचा नाही, कारण बोअर करताना तळाची माती विस्कटलेली असते, खरवडलेला गाळही पडलेला असतो. तो १५ सेंटीमीटरचा टप्पा नळी नीट बसण्यापुरता. म्हणजे २२ आणि ३१ मिळून ५३. हेच एन मूल्य. ६७ नव्हे. शब्दवेल, तक्त्याखाली एक तळटीप टाक: 'पहिल्या १५ सेंमीचे ठोके एन मूल्यात धरलेले नाहीत'. मूळ अहवालात नसेल तर 'भाषांतरकाराची टीप' असं स्पष्ट लिहून टाक. नाहीतर सभेत कोणीतरी कॅल्क्युलेटर काढून बेरीज चुकली म्हणून उभा राहील.

५०/७ चा अर्थ असा की पन्नास ठोके पडूनही नळी सातच सेंटीमीटर शिरली, मग ठोकणं थांबवलं. इथे एन ५० आहे असं कोणी वाचू नये. १५ सेंटीमीटरचा टप्पासुद्धा पुरा झालेला नाही, तेव्हा एन निघतच नाही. 'शिरकाव थांबला (५० ठोक्यांत ७ सेंमी)' असं लिही. आम्ही बोलताना 'ठोका बसेना' म्हणायचो, पण ते अहवालात शोभणार नाही.

आणि एन ५० च्या वर म्हणजे खडक, हा साइटवरचा समज आहे. चांगला ठासलेला मुरूमही ५३ दाखवतो. नळीच्या वाटेत चुनखडीचा मोठा खडा आला तरी आकडा फुगतो. तुझ्या लॉगमध्ये चुनखडी आहे, म्हणून तिसऱ्या बोअरमधले आकडेही बघून सांग.

अर्धविराम

प्लॅस्टिकसाठी 'आकार्यता' हा शब्द आहे. 'अतिआकार्य मृत्तिका' म्हणावं. माती, चिकणमाती हे बोलीतले शब्द आहेत, अहवालाला काहीएक भारदस्तपणा हवा. शासनाचे परिभाषा कोश कशासाठी आहेत?

साइटवाला_नाशिक

'अतिआकार्य मृत्तिका' वाचून ते ज्येष्ठ सभासद इंग्रजी प्रत परत मागतील, लिहून घ्या.

जुना_खोदकामी

अर्धविराम, 'आकार्यता' अर्थाने अचूक आहे, यावर माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'लवचिक'शी. लवचिक म्हणजे वाकवलं, दाबलं आणि सोडलं की पूर्ववत होणारं. ही माती नेमकं त्याच्या उलट वागते. ओली करून हाताने वळी वळली तर ती तुटत नाही आणि सोडल्यावर परत सरळही होत नाही, दिलेला आकार धरून राहते. लवचिक लिहिलंस तर वाचणाऱ्याला वाटेल, इमारतीखाली स्प्रिंगसारखं काहीतरी आहे, भूकंपाला बरंच की!

मी असतो तर 'जास्त आकार्यता असलेली (ओली असताना चिवट) काळी चिकणमाती' असं पहिल्यांदा लिहिलं असतं आणि पुढे सगळीकडे 'सीएच गट'. ही दोन अक्षरं मात्र रोमनमध्येच ठेव, त्यांना मराठी संक्षेप बनवू नकोस. आयएस १४९८ या भारतीय मानकातले गट आहेत ते. उद्या कोणी तुझा कागद मूळ अहवालाशी ताडून पाहिला तर अक्षरं जुळली पाहिजेत. शेजारी लिक्विड लिमिट काय दिलीय, म्हणजे किती टक्के पाण्याला ही माती पातळ होऊन वाहायला लागते?

शब्दवेल

लिक्विड लिमिट ६८, प्लास्टिक लिमिट ३१. आणि 'फ्री स्वेल इंडेक्स ८५ टक्के' असंही आहे. हे वाचून सोसायटीच्या सेक्रेटरींचा मला फोन आला होता, "म्हणजे पावसाळ्यात आमची इमारत जवळजवळ दुप्पट वर येणार का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

जुना_खोदकामी

लिक्विड लिमिट ३५ च्या खाली असेल तर एल, ३५ ते ५० आय, ५० च्या वर एच. ६८ म्हणजे एच, गट बरोबर दिलाय.

सेक्रेटरींना सांग, ८५ टक्के हा बरणीतला आकडा आहे. दहा-दहा ग्रॅम सुकी, चाळलेली माती दोन नळकांड्यांत घेतात. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. एक दिवसानंतर रॉकेलमधली माती समजा १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली १८.५ वर, तर फरक ८५ टक्के. तिथे भुकटी सुटी असते, वरून वजन नाही, बाजूने अडवणूक नाही. जमिनीत वरचा थर दाबून धरतो, ओल सगळीकडे सारखी पोचत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात फुगणं त्याच्या आसपासही नसतं. मात्र आकडा मोठा आहे म्हणजे ही माती पाया ठेवायच्या लायकीची नाही, हे खरं. 'मुक्त फुगवण निर्देशांक' लिही, आणि 'मुक्त' गाळू नकोस. त्या एका शब्दावर सेक्रेटरींची झोप अवलंबून आहे.

निफाडचा_अण्णा

आता माझं ऐका. मळ्यात द्राक्षाचं पॅकिंग करायला शेड बांधली. गवंडी म्हणाला, तीन फूट खोल पुरे, रान कडक आहे. खणलं तेव्हा एप्रिल होता, कुदळ लागत नव्हती. आता दर उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग पडते, एवढी की पोस्टकार्ड जाईल. आणि श्रावणात बघावं तर मिटलेली. सिमेंट भरून झालं, दोनदा. काय करावं?

जुना_खोदकामी

अण्णा, तुमच्या भेगेनेच निदान सांगितलंय. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते, म्हणजे काळी आकसते आणि फुगते आणि भिंत तिच्याबरोबर हलते. एप्रिलमध्ये कुदळ लागली नाही म्हणून रान कडक नसतं. वाळलेली काळी दगडासारखीच लागते. भेग उघडी असताना सिमेंट भरलंत तर पावसाळ्यात मिटायला जागा राहत नाही आणि शेजारी नवी भेग पडते. शेडभोवती पाणी मुरू नये असा पक्का उतार करा, भिंतीला लागून झाड किंवा ठिबकची लाइन असेल तर लांब न्या. यावर पूर्ण इलाज म्हणजे पाया मुरमात नेणं, आणि ते आता बांधलेल्या शेडला महागात पडेल. जागा बघितल्याशिवाय यापुढे बोलणं बरोबर नाही.

निफाडचा_अण्णा

भिंतीला लागून शेवगा आहे. बायको तोडू देणार नाही.

शब्दवेल

काका, तिसरा प्रश्न राहिला, ३२ आणि २२ चा.

जुना_खोदकामी

तोच खरा महत्त्वाचा. त्या तीन ओळी तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिघींना एकच नाव दिलंस तर सभेत मारामारी होईल. 'आमच्या जमिनीची ताकद ३२ टन असताना २२ वर डिझाइन का, खर्च का वाढवताय' असं एक गट म्हणेल, दुसरा म्हणेल आकडा लपवला.

पहिली ओळ, ३२. खालची जमीन कातरली जाऊन पाया एका बाजूला ढासळेल, असा दाब आधी काढतात आणि त्याला सुरक्षेसाठी अडीच ते तीनने भागतात. हे जमीन मोडण्याविरुद्धचं गणित.

दुसरी ओळ, २२. इथे जमीन मोडण्याचा प्रश्नच नाही, ती किती खचेल हा प्रश्न आहे. तुझ्या अहवालात 'पंचवीस मिलिमीटर' आणि 'दोन मीटर रुंदीचा फुटिंग' असं जवळपास कुठेतरी असेल बघ. तेवढंच खचावं म्हणून दाब किती ठेवायचा, त्याचं उत्तर २२.

तिसरी ओळ या दोघींतली लहान, म्हणून परत २२. डिझाइन करणाऱ्याने वापरायचा आकडा हाच. कॉपी-पेस्ट वगैरे काही नाही.

मी अशी नावं देईन: 'निव्वळ सुरक्षित धारणक्षमता', 'खचण्याच्या मर्यादेत बसणारा दाब' आणि 'शिफारस केलेला निव्वळ अनुज्ञेय दाब'. दुसरं नाव लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला फरक दिसतो.

फरक किती पडतो तेही बघ. खांबावर ९० टन येतात समजा. ३२ ने भागलं तर फुटिंगला २.८ चौरस मीटर लागतात, म्हणजे एक मीटर सत्तरची बाजू. २२ ने भागलं तर ४.१ चौरस मीटर, बाजू दोन मीटरच्या थोडी वर. ३२ धरून लहान फुटिंग बसवला तर इमारत लगेच कोसळणार नाही. पण सगळे खांब सारखे खचत नाहीत, आणि फ्लॅटमध्ये भेगा पडतात त्या या फरकाने.

साइटवाला_नाशिक

मान्य काका. पण साइटवर आम्हाला कोणी दोन आकडे सांगतच नाही. ड्रॉइंगवर एकच लिहिलेला असतो, एसबीसी म्हणजे सुरक्षित धारणक्षमता अमुक. 'निव्वळ' शब्द मी तरी ड्रॉइंगवर क्वचित पाहिलाय.

जुना_खोदकामी

ड्रॉइंगवर लिहीत नाहीत हे खरंय, लिहायला हवं. निव्वळ म्हणजे खणून काढलेल्या मातीचं वजन सोडून. तीन मीटर खणले, मातीचं वजन घनमीटरला १.८ टन धरलं, तर ५.४ टन प्रति चौरस मीटर एवढा दाब त्या पातळीवर आधीच होता. एकूण दाब म्हटलं तर २२ चे २७.४ होतात. त्यामुळे भाषांतरात 'निव्वळ' गळला तर आकड्याचा अर्थच बदलतो. शब्दवेल, शिफारशीचं वाक्य अख्खं टाकतेस का इथे?

शब्दवेल

माझा मसुदा: "पाया सध्याच्या जमीन पातळीपासून ३.० मीटर खोलीवर किंवा कठीण मुरमात किमान ०.३ मीटर आत ठेवावा, यापैकी जे जास्त असेल ते." मुळातली शेवटची तीन इंग्रजी पदं वाक्याच्या टोकाला आहेत, म्हणून मीही तिथेच ठेवली. आणि तुम्ही विचारलं म्हणून तिसरा बोअर नीट पाहिला. तिथे भराव ०.६ मीटर, आणि कठीण मुरूम ३.६ मीटरला सुरू होतो. ठोके १२/१९/२६.

जुना_खोदकामी

१९ आणि २६, एन ४५. म्हणजे दुसऱ्या बोअरचे ५३ काही एखाद्या खड्यामुळे फुगलेले नव्हते, मुरूम दोन्हीकडे चांगला आहे.

पण तिसऱ्या बोअरच्या कोपऱ्यात तीन मीटरवर अजून काळीच आहे! तिथे ३.६ अधिक ०.३, म्हणजे ३.९ मीटर खाली जावं लागेल. दुसऱ्या बोअरपाशी मुरूम २.६ ला सुरू, अधिक ०.३ म्हणजे २.९, तिथे ३.० पुरेल. एकाच प्लॉटवर ९० सेंटीमीटरचा फरक.

आता तुझं वाक्य वाच. मराठीत 'किंवा' आधी आला की वाचणारा दोन पर्याय समजतो आणि सोयीचा निवडतो. शेपटीला काय आहे तिथपर्यंत जातच नाही. मी असं करीन: "पाया सध्याच्या जमीन पातळीपासून किमान ३.० मीटर खोल असावा आणि तो कठीण मुरमात किमान ०.३ मीटर शिरलेला असावा. या दोन्ही अटी प्रत्येक फुटिंगला पूर्ण झाल्या पाहिजेत." अर्थ तोच, पळवाट नाही.

अर्धविराम

एक शंका. हे भाषांतर राहिलं का? तुम्ही वाक्याची रचनाच बदललीत. 'प्रत्येक फुटिंगला' मुळात नाही. सोसायटी आणि विकासक यांच्यात उद्या वाद झाला तर विकासकाचा वकील म्हणेल, भाषांतरकाराने अट वाढवली.

जुना_खोदकामी

'प्रत्येक फुटिंगला' काढा हवं तर. 'किंवा'चं 'आणि' करणं मात्र मला आवश्यक वाटतं, कारण दोन खोल्यांपैकी जी जास्त ती धरली की दोन्ही अटी आपोआप पुऱ्या होतात.

साइटवाला_नाशिक

माझं मत काकांच्या बाजूने. मागच्या साइटवर अशाच वाक्यावरून ठेकेदाराने एका लाइनचे खड्डे तीन मीटरवर थांबवले होते. तळ काळपट दिसत होता, पहार टाकली तर सहज गेली. कन्सल्टंट आल्यावर पुन्हा खणलं. जादा खोदाईचे पैसे कोणी द्यायचे हे अजून चाललंय.

शब्दवेल

अर्धविराम यांचा मुद्दा मलाही टोचतोय. मी असं करायचं ठरवतेय: वाक्य काकांचं, 'प्रत्येक फुटिंगला' वगळून, आणि पहिल्या पानावर 'मतभेद झाल्यास मूळ इंग्रजी अहवाल ग्राह्य' ही ओळ. सोसायटीच्या वकिलांना दाखवून घेते, ते काय म्हणतात बघू.

निफाडचा_अण्णा

ताई, त्या कुजलेल्या दगडाला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात. विहीर खणणाऱ्या कोणालाही विचारा. तो शब्द टाका, म्हाताऱ्यांना लगेच कळेल.

जुना_खोदकामी

अण्णा, शब्द छान आहे, पण मी वेगवेगळ्या तालुक्यांत तो वेगवेगळ्या दगडाला ऐकलाय. कुठे जाळीदार, पांढरे ठिपके असलेल्या दगडाला, कुठे नुसत्या मऊ खडकाला. अहवालात दोन्ही प्रकारचे थर आहेत, घोळ होईल.

निफाडचा_अण्णा

आमच्या शिवारात तरी एकच मांजऱ्या आहे. बाकीच्यांचं बाकीचे बघतील.

जुना_खोदकामी

शब्दवेल, आणखी एक गोष्ट डोक्यात घोळतेय. 'सध्याची जमीन पातळी' कुठली? बोअर घेतला तेव्हा वर भराव होता, एका ठिकाणी ०.४ आणि दुसरीकडे ०.६. जुनी इमारत पाडली की तो भराव उचलला जाईल, किंवा राडारोडा पडून वाढेल. मग तीन मीटर कुठून मोजायचे? लॉगच्या डोक्यावर आरएल, म्हणजे त्या जागेची उंची, दिलीय का, रस्त्याच्या किंवा एखाद्या पक्क्या खुणेच्या संदर्भाने?

शब्दवेल

पाहिलं. 'आरएल' असा रकाना आहे, पण तिन्ही बोअरना तो रिकामा आहे. फक्त एक आडवी रेघ.

जुना_खोदकामी

मग ती रेघ तशीच ठेव, स्वतःहून काही भरू नकोस. कन्सल्टंटला सोसायटीमार्फत लेखी विचारायला सांग. आणि पाण्याची पातळी कोणत्या महिन्यात मोजलीय तेही बघ.

शब्दवेल

पाणी ४.२ मीटरवर, तारीख मे महिन्याची.

साइटवाला_नाशिक

मेचं पाणी आहे म्हणजे ऑगस्टमध्ये वर येणार. तो तिसऱ्या बोअरचा कोपरा ३.९ वर न्यायचा, तर पंप आधीच बोलावून ठेवावा लागेल. दिवाळीनंतर खोदाई काढा म्हणावं.

शब्दवेल

सेक्रेटरींनी आरएलबद्दल मेल टाकलाय. कन्सल्टंटकडून अजून उत्तर नाही. आलं की इथेच लिहिते. तोपर्यंत 'आरक्यूडी'ला, म्हणजे खडक किती अखंड आहे ते सांगणाऱ्या टक्क्याला, मराठीत काय करायचं ते कोणी सुचवलं तर बरं होईल, त्याची तीन पानं अजून बाकी आहेत.